मेल रात्री लिहा, पोहोचू द्या दुपारी

मृग लागला की पाचोऱ्यातल्या कृषी सेवा केंद्राच्या मालकाला मेल वाचण्यापुरता वेळ मिळतो, मेलमध्ये सांगितलेलं काम करण्यापुरता मिळत नाही. नगरदेवळा, लोहारा, वरखेडी, पिंपळगाव हरेश्वर अशा गावांची माणसं सकाळपासून काउंटरपुढे उभी असतात. कुणाला कापसाचं ठरावीक वाणच हवं असतं, कुणाला खताच्या गोण्या, कुणाची मागची उधारी निघते. त्यात खिशातला फोन वाजला तर मालक एका हाताने मेल उघडतो, जीएसटीचं काही आहे एवढं पाहतो आणि फोन परत खिशात ठेवतो. मेल वाचला गेला, काम मात्र तसंच राहिलं. शिवाय एक नुकसान झालं, ते चटकन लक्षात येत नाही. न वाचलेल्या मेलचं नाव यादीत ठळक दिसतं, आणि आता ते साधं झालं. रात्री तो फोन पुन्हा हातात घेईल तेव्हा त्या मेलवर नजर थांबायला कारणच उरलेलं नसेल.

माणूस जागा असतो तेव्हा मेल वाचला जातो. मेलमधलं काम मात्र तेव्हाच होतं, जेव्हा त्याला लागणारा माणूस, लागणारा कागद आणि लागणारी खिडकी एकाच वेळी हाताशी असते. खिडकी म्हणजे कधी बँकेची, कधी सरकारी पोर्टलची, कधी दुकानातल्या संगणकाची. मेल पाठवायची वेळ ठरवताना या तिन्हींची वेळ पाहावी लागते. ‘मंगळवारी सकाळी दहाला मेल पाठवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. ज्यांना लाखो अनोळखी लोकांना जाहिरात पाठवायची आहे त्यांच्या कामाचा तो असेल. चाळीस-पन्नास ओळखीच्या ग्राहकांची कामं सांभाळणाऱ्या तालुक्याच्या गावच्या करसल्लागाराला त्याचा उपयोग नाही, कारण त्याला लोकांनी मेल नुसता उघडायला नको आहे. त्याला शनिवारच्या आत खरेदीचा हिशोब हवा आहे.

असाच एक करसल्लागार आणि असंच एक खत-बियाण्यांचं दुकान डोळ्यांपुढे धरू आणि जून 2025चं कॅलेंडर उघडू. मे महिन्याचं जीएसटीआर-3बी हे विवरणपत्र भरायची शेवटची तारीख 20 जून, शुक्रवार. या विवरणपत्रात दुकानदार विक्रीवरच्या करातून खरेदीवर आधीच भरलेला कर वजा करतो आणि उरलेली रक्कम सरकारला देतो. किती वजा करायचं याचा तक्ता, म्हणजे जीएसटीआर-2बी, पोर्टलवर दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो. जळगावच्या घाऊक विक्रेत्याने त्याच्या विवरणपत्रात आपलं बिल दाखवलं असेल तरच ते या तक्त्यात येतं. नसेल आलं, तर त्या बिलाचा कर या महिन्यात वजा करता येत नाही आणि तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. म्हणून तक्ता आला की दुकानाच्या खरेदी-नोंदीशी तो ताडून पाहणं हे खरं काम. या दुकानात ते किचकटही आहे, कारण बियाण्यावर कर नाही, खतावर 5 टक्के आणि कीटकनाशकावर 18 टक्के.

आता वार पाहू. 14 जून 2025ला शनिवार होता, तोही महिन्यातला दुसरा. 1 सप्टेंबर 2015पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. 15ला रविवार. म्हणजे तक्ता हातात आल्यापासून शेवटच्या तारखेपर्यंत कामाचे दिवस उरतात ते सोमवार ते शुक्रवार, आणि ते दिवस नेमके पेरणीच्या गर्दीतले.

करसल्लागार शनिवारी दिवसभर तक्ते उतरवून घेतो. सगळ्यांचे मेल लिहून होतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. हातातलं काम संपवून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल, म्हणून तो एकामागून एक ‘सेंड’ दाबत जातो. दुकानदार अंथरुणावर पडलेला असताना फोन उजळतो. त्या वेळी त्याला काय करता येईल? खरेदीच्या नोंदी दुकानातल्या संगणकात, टॅलीत आहेत. टॅलीवर बसणारा मुलगा घरी गेलाय, तो सोमवारी अकराला येईल. घाऊक विक्रेत्याला फोन लावायची ही वेळ नाही. तो मेल वाचतो आणि सकाळी बघू म्हणून झोपतो. रविवारी काउंटरवर गर्दी असते. सोमवारपर्यंत त्या मेलवर बँकेचे, खत कंपनीचे, जाहिरातींचे मेल येऊन साचलेले असतात. मंगळवारी करसल्लागाराचा फोन येतो, “भाऊ, मेल बघितला का?” उत्तर खरंच असतं, “हो ना, बघितला की.”

हाच मेल सोमवारी 16 जूनला सकाळी 10 वाजून 50 मिनिटांनी दुकानाच्या मेलवर पोहोचला असता तर? अकराला मुलगा येतो, संगणक सुरू करतो, आणि यादीत सगळ्यात वर ठळक अक्षरांत तो मेल असतो. टॅली समोर, घाऊक विक्रेत्याचं ऑफिस उघडलेलं. तक्त्यात एखादं बिल नसेल तर तो तेव्हाच जळगावला फोन लावू शकतो. साडेदहा किंवा अकराचा ठोका न धरता मधली वेळ घेतली, त्यालाही कारण आहे. आपोआप सुटणारे मेल बहुतेक वेळा नऊ, दहा, अकरा अशा पूर्ण तासांना लावलेले असतात, त्या घोळक्यात आपला मेल एक-दोन पायऱ्या खाली जातो. दहा मिनिटं आधी पोहोचलेला मेल मात्र माणूस खुर्चीत बसतो तेव्हा वरच असतो.

पैसे भरायचा मेल वेगळा लिहावा, कारण ते काम मालकाचं असतं, मुलाचं नाही. बरेच जण दोन्ही गोष्टी एकाच मेलमध्ये घालतात. मग मुलाला वाटतं हा मालकाचा मेल, मालकाला वाटतं हा मुलाचा. कर भरण्यासाठी पोर्टलवर चलन तयार करावं लागतं. त्या चलनाची मुदत 15 दिवस असते, त्यामुळे ते मंगळवारी करून ठेवायला हरकत नाही. दुकानाचं खातं पोर्टलला जोडलेल्या बँकेत असेल तर नेट बँकिंगने मिनिटात पैसे जातात. पण खातं एखाद्या छोट्या सहकारी बँकेत असेल तर एनईएफटी किंवा आरटीजीएसचा मँडेट फॉर्म छापून, सही करून शाखेत द्यावा लागतो. एनईएफटी 16 डिसेंबर 2019पासून चोवीस तास चालते हे खरं, पण शाखेतला काउंटर चोवीस तास चालत नाही. तेव्हा पहिल्या प्रकारच्या मालकाला मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराचा मेल योग्य. जेवणानंतर गावाकडची गर्दी जरा ओसरते आणि माणूस पाच मिनिटं बसतो. दुसऱ्या प्रकारच्या मालकाला तोच मेल बुधवारी सकाळी दहाच्या आत मिळायला हवा, म्हणजे दुकानातलं कुणी बँकेत निघालं असेल त्याच्याबरोबर फॉर्म जाईल. ग्राहक एकाच धंद्यातले, कर एकच, तरी मेलच्या वेळा दोन. आणि त्या ठरवल्या बँकेच्या खात्याने.

शेवटची पायरी मेलची नाहीच. विवरणपत्र दाखल करताना मालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो थोडाच वेळ चालतो. दोन्ही माणसं एकाच क्षणी हजर हवीत, तिथे फोनच करावा. ‘ओटीपी आला की कळवा’ असे मेल मी पाहिले आहेत. ते वाचले जाईपर्यंत ओटीपी शिळा झालेला असतो. शुक्रवार उलटला तर रोज 50 रुपये विलंब शुल्क आणि न भरलेल्या करावर वर्षाला 18 टक्के दराने व्याज सुरू होतं.

ही वेळ कशी शोधायची? मोठ्या आकड्यांचा अभ्यास झालेला आहे. याहू मेलच्या सुमारे 20 लाख वापरकर्त्यांच्या 1600 कोटी मेलचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ज्या मेलना उत्तर आलं त्यांतल्या निम्म्यांना ते 47 मिनिटांच्या आत आलं होतं आणि सुमारे 90 टक्क्यांना एका दिवसात. सकाळी आलेल्या मेलना उत्तरं जास्त लांब मिळत, शनिवार-रविवारच्या मेलना त्रोटक. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की ज्या मेलला पहिल्या दिवशी उत्तर येत नाही त्याला पुढे येण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. पहिले काही तास ज्याच्या वाट्याला झोप येते, तो मेल आपली चांगली वेळ वाया घालवतो.

आपल्या ग्राहकांचा अंदाज मात्र आपल्याच मेलपेटीतून येतो. जीमेलच्या शोधचौकटीत असं लिहावं:

```
from:dukan@example.com newer_than:6m
```

पत्त्याच्या जागी ग्राहकाचा खरा पत्ता घालायचा. त्याने सहा महिन्यांत पाठवलेली उत्तरं समोर येतात. त्यांच्या वेळा नुसत्या वाचत गेलं तरी तो दुपारी बसतो की संध्याकाळी दुकान आवरल्यावर, हे कळतं. मेल किती जणांनी ‘उघडला’ हे सांगणाऱ्या सेवांवर या कामासाठी विसंबू नये. त्या मेलमध्ये न दिसणारं एक इवलं चित्र घालतात आणि ते चित्र मागवलं गेलं की मेल उघडला असं धरतात. ॲपलने 2021 साली आयफोनच्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच परस्पर उतरवून घ्यायची सोय दिली, तेव्हापासून न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. ग्राहक चाळीसच असतील तर सरळ विचारावं, “आप्पा, तुमचा पोऱ्या टॅलीवर किती वाजता बसतो?” हा प्रश्न विचारायला लाज वाटू नये; कुठलंही सॉफ्टवेअर याचं उत्तर देत नाही.

रात्री लिहिलेला मेल दुसऱ्या दिवशी पोहोचवायची सोय जीमेलमध्ये एप्रिल 2019पासून आहे. संगणकावर Send शेजारच्या बाणावर क्लिक केलं की Schedule send येतं, फोनवर ते तीन टिंबांच्या यादीत सापडतं. दिवस आणि वेळ निवडली की मेल Scheduled नावाच्या कप्प्यात जातो. असे शंभर मेल एका वेळी ठेवता येतात. ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुटण्याची वेळ यांत काही मिनिटांचा फरक पडू शकतो, म्हणून बँक तीनला बंद होणार असेल तर तीनला पाच मिनिटं कमी असताना पोहोचणारा मेल लावण्यात अर्थ नाही.

सुटला म्हणजे पोहोचला असंही नाही. काही मेल-सर्व्हर अनोळखी ठिकाणाहून आलेला मेल पहिल्यांदा तात्पुरता परत पाठवतात आणि पाठवणाऱ्या सर्व्हरने थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला तरच स्वीकारतात. कचरा मेल अडवण्याची ही एक रीत आहे. जीमेल ते जीमेल सहसा असं होत नाही, पण ग्राहकाचा पत्ता एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर अर्धा तास, कधी त्याहून जास्त उशीर लागू शकतो. उशीर झाला का हे पाहायचं असेल तर मिळालेल्या मेलवर तीन टिंबं दाबून Show original उघडावं. वरच Created at या ओळीत मेल कधी तयार झाला आणि किती सेकंदांनी पोहोचला ते लिहिलेलं असतं. खाली मूळ मजकुरात अशा ओळी दिसतात:

```
Date: Mon, 16 Jun 2025 10:50:04 +0530
Received: ... Sun, 15 Jun 2025 22:20:07 -0700 (PDT)
```

दुसरी ओळ वाचून मेल रविवारी रात्री साडेदहाच्या आसपास गेला असं वाटतं. तसं नाही. गूगलचे सर्व्हर नोंद कॅलिफोर्नियाच्या वेळेत करतात आणि तिथे जूनमध्ये भारतापेक्षा साडेबारा तास मागे घड्याळ असतं. रविवारी रात्रीचे 10.20 म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळचे 10.50. दोन ओळींत तीन सेकंदांचा फरक आहे, म्हणजे मेल वेळेवर पोहोचला.

हाच हिशोब न्यू जर्सीत राहणाऱ्या पाचोऱ्याच्या पोरासाठी उलटा धरावा लागतो. वडिलोपार्जित शेताच्या कागदांवर त्याची संमती हवी असेल आणि मेल आपण सकाळी 10.50ला सोडला, तर जूनमध्ये तिथे रात्रीचे 1.20 वाजलेले असतात. आपल्या संध्याकाळी साडेसहाला सोडला तर तिथे सकाळचे नऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, मग साडेसहाऐवजी साडेसात धरायचे.

तहसील किंवा कृषी कार्यालयाला मेल करताना वेगळीच गंमत असते. राज्य सरकारची कार्यालयं 29 फेब्रुवारी 2020पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आली आणि वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 अशी झाली. बऱ्याच ठिकाणी मेलची प्रिंट काढून आवक-जावक नोंदीत घेतली की तिथून तिचा प्रवास सुरू होतो. शुक्रवारी सहाला पाठवलेल्या मेलवर शिक्का सोमवारचा बसतो. तारीख महत्त्वाची असेल तर तो मेल शुक्रवारी दुपारच्या आत तिथे असायला हवा.

रात्रीच्या मेलकडे परत येऊ, कारण त्याचं नुकसान उशिरापुरतं नाही. लॉरा जर्ज आणि व्हनेसा बोन्स या दोन संशोधकांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, तातडी नसलेल्या मेललाही घेणाऱ्याला लगेच उत्तर देणं भाग वाटतं. पाठवणाऱ्याची तेवढी अपेक्षाच नसते. मेलमध्ये उत्तराची घाई नाही अशी एक ओळ असली तर हा गैरसमज बराच कमी होतो. पाचोऱ्यासारख्या ठिकाणी हा गैरसमज आणखी घट्ट असणार, असं माझं मत आहे. इथे पाठवणारा मालक असतो, साहेब असतो, नाहीतर वयाने मोठा दादा असतो. टॅलीवर बसणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला रात्री साडेअकराला मालकाचा मेल आला तर तो सकाळची वाट पाहील ही अपेक्षा फक्त मालकाचीच असते. मुलगा रात्रीच ‘हो साहेब, करतो’ लिहितो, आणि ते वाचून मालकाला वाटतं, बघा, पोरगा रात्रीही तत्पर आहे. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा लिहितो.

जर्मनीत फोक्सवॅगनने 2011 साली काही कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फोनवर पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने मेल पोहोचणं बंद केलं. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017पासून 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी याबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं कायद्याने आलं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहण्याच्या हक्काचं खासगी विधेयक 2018 साली लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. जाहिरातींच्या एसएमएसला मात्र रात्री नऊ ते सकाळी नऊ अशी बंदी 2011 साली लागली. मेलला असं कुठलंच बंधन नाही, आणि दोन टेबलांच्या ऑफिसात कायदा पोहोचेल असंही नाही. तिथे मालकाचं बोट Schedule send वर गेलं तरच फरक पडतो.

रात्री जागा असलेला माणूसही रात्रीच्या मेलसाठी मोकळा असतोच असं नाही. शेतीपंपाला तीन फेजची वीज पाळीने मिळते. रात्रपाळी आली की केळीचा बागायतदार मध्यरात्री शेतात मोटार चालू करायला जातो. त्याच्या हातात फोन असतो तो उजेडासाठी. विमा कंपनीचा अर्ज भरायचा मेल त्याला तेव्हा मिळून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी झोप काढून, कागद घेऊन बसल्यावर मिळाला तर आहे. आणि रात्रीत काही खरोखरच निकडीचं घडलं, जसं खात्यातून पैसे गेले, गोदामात पाणी शिरलं, तर मेल हे माध्यमच चुकीचं. तिथे फोन.

वेळ लावून पाठवण्यात दोन खोड्या आहेत. पहिली अशी की रात्री लिहिलेले सातही मेल सकाळी नऊला लावले तर मुलाच्या डोक्यावर ते एकदमच कोसळतात. रात्रीची झोप वाचली, सकाळ गेली. मेल दिवसभरात पसरावेत, किंवा सरळ एकच लिहावा. दुसरी जास्त महाग पडते. लावून ठेवलेल्या मेलला मधल्या काळात काय घडलं ते कळत नाही. ग्राहकाने सोमवारीच पैसे भरले तरी मंगळवारचा ‘पैसे भरा’ मेल जातोच, आणि दुकानदार चिडून म्हणतो, भरले की हो कालच!

जानेवारी 2025मध्ये याचा मोठा नमुना दिसला असता. डिसेंबरच्या विक्रीचं जीएसटीआर-1 भरायची शेवटची तारीख 11 जानेवारी होती आणि 10 तारखेला जीएसटी पोर्टलच बंद पडलं. मासिक विवरणपत्रासाठी मुदत 13 जानेवारीपर्यंत वाढली, पुढच्या जीएसटीआर-3बीची 20वरून 22पर्यंत. ज्याने आठवडाभर आधी ‘आज दुपारपर्यंत बिलं द्या, उद्या शेवटचा दिवस’ असा मेल 10 तारखेला लावून ठेवला असेल, त्याचा मेल बंद पोर्टलकडे माणसं धाडत राहिला असता. म्हणून रोज सकाळी पहिला चहा होईपर्यंत Scheduled कप्पा उघडून त्या दिवशीचे मेल वाचावेत. परिस्थिती बदलली असेल तर मेल उघडून Cancel send दाबायचं. तो Drafts मध्ये परत येतो, आणि नवी तारीख घालून पुन्हा लावता येतो.